मेल्यानंतरचा तराजू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात घरातलं माणूस गेलं की पुष्कळ घरी गरुडपुराण लावतात. संध्याकाळी ओसरीवर भावकी जमते, महाराज पोथी वाचतात, आणि पोथी मिटली की खरे प्रश्न सुरू होतात. जीव जातो कुठे, न्याय कोण करतो, दुसऱ्या धर्मांत असंच आहे का, इजिप्तच्या चित्रातला तो तराजू कसला? हे प्रश्न मला अनेकदा विचारले गेले आहेत. सगळ्या परलोकांचा नकाशा इथे मांडलेला नाही. धागा एकच धरला आहे, तो तराजूचा: पारड्यात काय ठेवतात, समोर काय ठेवतात, आणि दांडी कुठे गेली तर जीव सुटतो.

मेल्यावर जीवाचा तोल होतो ही कल्पना मुळात कुणाची?

लिखित पुरावा सर्वांत जुना इजिप्तचा. शवपेट्यांवर कोरलेल्या-लिहिलेल्या मंत्रांत, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वी, न्यायाच्या तराजूचा उल्लेख येतो. पुढे ज्याला आपण ‘मृतांचे पुस्तक’ म्हणतो त्या पपायरसांच्या गुंडाळ्यांमध्ये त्याचं पूर्ण चित्र दिसू लागतं.

पण म्हणून इराण, भारत, अरबस्तान आणि युरोप सगळ्यांनी ती तिथूनच उचलली, असं मी म्हणणार नाही. ज्या समाजात धान्य आणि सोनं तोलून घेतात, तिथे ‘खरं-खोटं तोलून बघू’ हे आपोआप सुचू शकतं. शिवाय तराजू दिसला म्हणजे पाप-पुण्याचा न्याय आला, असंही नाही. होमरच्या ‘इलियड’मध्ये झ्यूस सोन्याचा तराजू उचलतो, एका पारड्यात अकिलीजचं मरण आणि दुसऱ्यात हेक्टरचं. हेक्टरचं पारडं खाली जातं आणि तो मरतो. हेक्टर वाईट होता म्हणून नाही, त्याची घटका भरली होती म्हणून. तिथे नशीब मोजलं जातं, कर्म नाही. तुलना करताना पहिल्यांदा हेच वेगळं काढावं लागतं.

इजिप्तच्या त्या प्रसिद्ध चित्रात नेमकं काय चाललंय?

पुस्तकांत आणि मोबाईलवर बहुतेक वेळा फिरणारं चित्र आनी नावाच्या माणसाच्या पपायरसमधलं असतं. ही गुंडाळी साधारण इ.स.पू. १२५० ची. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १८८८ मध्ये वॉलिस बज यांनी ती म्युझियमसाठी मिळवली आणि नंतर कापून तिचे ३७ तुकडे केले. मूळ लांबी जवळजवळ २४ मीटर.

आनी कोण होता हे कळलं की चित्राला धार येते. तो राजाचा लेखनिक होता. देवांच्या नैवेद्याचा हिशेब ठेवणं आणि धान्याच्या कोठारांवर देखरेख करणं हे त्याचं काम. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांची मापं मोजणारा माणूस आता स्वतः काट्यावर आला आहे.

चित्र डावीकडून वाचायचं. आनी आणि त्याची बायको तुतू वाकून आत येतात. मधे मोठा उभा तराजू. डाव्या पारड्यात एका छोट्या भांड्याच्या आकाराचं आनीचं हृदय, उजव्या पारड्यात एक पीस. हे पीस मातचं. मात म्हणजे सत्य, न्याय आणि जगाची घडी नीट बसवणारी देवी. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस गुडघा टेकून दांडीचा काटा तपासतो आहे. त्याच्या मागे पक्ष्याच्या तोंडाचा थोथ लेखणी घेऊन निकाल लिहायला उभा. थोथच्या मागे अम्मित: तोंड मगरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदय खोटं ठरलं तर ती ते गिळते. वरच्या ओळीत देव न्यायाला बसले आहेत. तराजूजवळ आनीचा जीव पक्ष्याच्या रूपात बसला आहे, आणि नशिबाच्या व जन्माच्या देवताही तिथे हजर आहेत. म्हणजे माणूस काय नशीब घेऊन आला होता, त्याचे साक्षीदारसुद्धा बोलावलेले आहेत. मला या चित्रातली ही सगळ्यात माणुसकीची गोष्ट वाटते.

अनुबिसचा हात नीट बघा. त्या काळच्या मोठ्या तराजूला दांडीच्या मध्यावर एक ओळंबा लोंबत असे. दांडीला जोडलेला काटा आणि ओळंब्याचा दोरा एका रेषेत आले की तोल बरोबर. दोरा झुलत असताना वाचलेलं वजन खोटं निघतं, म्हणून अनुबिस तो स्थिर करतो आहे. देव असूनही तो डोळ्यांच्या अंदाजावर जात नाही. बाजार समितीत मापाडी काटा थांबेपर्यंत आकडा पुकारत नाही, तीच शिस्त इथे आहे.

शेवटी थोथ जाहीर करतो की हृदय खरं निघालं, दोष सापडला नाही, आणि होरस देव आनीचा हात धरून त्याला मृतांचा राजा ओसिरिस याच्यासमोर नेतो.

हृदय पिसापेक्षा हलकं असलं तरच माणूस पास होतो ना?

नाही. मराठीत आणि इंग्रजीत ही चूक सर्रास दिसते. आनीच्या चित्रात दांडी सरळ आहे. हृदय आणि पीस यांचा तोल जुळायचा आहे, हृदयाने पिसाला हरवायचं नाही. पीस इथे वजनाचा बाट आहे. सराफाच्या ताजव्यात मालाने बाटापेक्षा हलकं व्हावं अशी कुणाची अपेक्षा नसते. बाटाएवढं भरावं, इतकंच. माणसाचं हृदय सत्याएवढं भरलं पाहिजे, हा तिथला न्याय आहे. ‘मन हलकं ठेवा म्हणजे तराल’ हा संदेश आजचा आहे, तो आनीच्या तोंडी घालू नये.

आणि तोल होण्याआधी बोलणंही आहे. मृताला ४२ देवांसमोर एकेका पापाचं नाव घेऊन ‘हे मी केलं नाही’ म्हणावं लागतं. खून केला नाही, रडवलं नाही, देवाचा नैवेद्य चोरला नाही, हे तर आहेच. पण त्या प्रकरणात वजनमापावर स्वतंत्र वाक्यं आहेत: मी धान्याचं माप कमी केलं नाही, शेताची हद्द खाल्ली नाही, बाटाचं वजन वाढवलं नाही, तराजूच्या ओळंब्याशी खेळ केला नाही. कापूस मोजताना कडता कापला जातो तेव्हा शेतकऱ्याच्या पोटात काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. कोठारांवर देखरेख करणाऱ्या आनीला ही वाक्यं म्हणताना ती पाठांतराची वाटली नसणार.

मग हृदयानेच खरं सांगून टाकलं तर?

ही भीती इजिप्तच्या लोकांनाही होती, आणि त्यांनी ती लपवली नाही. मृतांच्या पुस्तकातला तिसाव्या क्रमांकाचा मंत्र हृदयालाच उद्देशून आहे. त्याचा आशय असा: हे माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस, तराजू राखणाऱ्यासमोर माझ्याशी वैर करू नकोस. हा मंत्र बहुधा हिरव्या दगडाच्या भुंग्याच्या आकाराच्या ताईतावर कोरून मृताच्या छातीवर ठेवत. प्रेत टिकवताना मेंदू काढून टाकत, पण हृदय मुद्दाम आत ठेवत. कारण तेच पुढे तोलायचं होतं.

मग ही फसवाफसवी नव्हे का, असं विचारणारे विचारतात. गंमत म्हणजे गुंडाळ्या आधी तयार करून ठेवत आणि गिऱ्हाईक आलं की मोकळ्या जागेत नाव भरत. आनीच्या गुंडाळीतही काही भागांत नाव मागाहून भरलेलं दिसतं. पैसे देऊन घेतलेल्या गुंडाळीत हरलेला माणूस कोण रंगवील? म्हणून या चित्रांत मृत नेहमी जिंकतो. तरी मला हे निव्वळ ढोंग वाटत नाही. ज्याला आपल्याच हृदयाच्या साक्षीची भीती वाटते, त्याला आपण काय केलं ते पक्कं माहीत असतं.

आपल्याकडेही हृदय साक्षीदारच आहे. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंत शकुंतलेला ओळख देत नाही तेव्हा ती भर दरबारात त्याला ऐकवते की माणसाचं वागणं सूर्य, चंद्र, वारा, अग्नी, आकाश, पृथ्वी, पाणी, हृदय, यम, दिवस, रात्र, दोन्ही संध्याकाळ आणि धर्म हे सगळे जाणतात. यादीत हृदय आणि यम अगदी शेजारी बसले आहेत. फरक इतकाच की शकुंतला हृदयाला गप्प राहायला सांगत नाही, उलट त्याच्यावरच भिस्त ठेवते.

गरुडपुराणात तराजू का ऐकू येत नाही?

कारण तिथे न्यायाचा भार वहीवर आहे. आणि वहीआधी रस्त्यावर.

गरुडपुराणाचं जे सारोद्धार रूप घरोघर वाचलं जातं, त्यात यमलोकाचा रस्ता ८६,००० योजनांचा सांगितला आहे. त्या वाटेला लागण्याआधी जीवाला चालायला शरीर लागतं. ते घरच्यांच्या पिंडांतून बनतं: पहिल्या दिवसाच्या पिंडाने डोकं, दुसऱ्याने मान आणि खांदे, तिसऱ्याने हृदय, चौथ्याने पाठ, असं करत पायांपर्यंत. दहाव्या पिंडाने भूक आणि तहान. हे शरीर हातभर लांबीचं. तेराव्या दिवशी यमदूत त्याला घेऊन निघतात आणि रोज २४७ योजनं चालवतात.

भागाकार करून बघा. ८६,००० ला २४७ ने भागलं की ३४८ दिवस येतात. सुरुवातीचे दिवस धरले की वर्ष भरतं. आपण वर्षश्राद्ध करतो ते जीव तिथे पोहोचण्याच्या सुमारास. पोथीतला भूगोल आणि घरातले विधी असे एकमेकांत बसवलेले आहेत. जो महाराज हा हिशेब समजावून सांगतो, त्याच्या वाचनाला घरातली पोरंही बसून राहतात.

वाटेत १६ गावं लागतात. पहिलं सौम्यपूर, तिथे पुष्पभद्रा नदी आणि एक सुरेख वड आहे. जीव तिथे टेकतो, बायको-पोरांना आठवतो आणि रडतो. दूत त्याला विचारतात, आता कुठे गेला तुझा पैसा, कुठे गेली तुझी माणसं? पुढे थंडीची, दगडांच्या पावसाची, होरपळणारी गावं आहेत, आणि शंभर योजनं रुंद वैतरणी. गावोगावी तो घरच्यांनी दिलेले मासिक पिंड खातो आणि पुढे ढकलला जातो.

यमाच्या नगरीत पोहोचल्यावर मात्र वाद कमी आहे. चित्रगुप्ताकडे नोंद आहे. श्रवण नावाचे ब्रह्मदेवाचे पुत्र माणसाचं बोलणं-करणं दुरूनच ऐकतात-पाहतात आणि ते त्याला कळवतात. यम जाब विचारतो, पापी मान खाली घालतो, कारण नोंद नाकारता येत नाही. तराजू लागतो तो जिथे अजून शंका आहे तिथे. सगळी नोंद हातात असलेल्याला तोलायची गरज काय? असं माझं मत आहे. पोथी हे स्पष्ट म्हणत नाही.

म्हणजे आपल्या परंपरेत तराजू नाहीच?

आहे, आणि गरुडपुराणाच्या कितीतरी आधी. शतपथ ब्राह्मणात, अकराव्या कांडात, यज्ञवेदीच्या दक्षिण कडेला तराजू म्हटलं आहे. माणूस जे चांगलं करतो ते वेदीच्या आत, वाईट करतो ते बाहेर. त्या लोकात माणसाला तराजूवर ठेवतात आणि चांगलं-वाईट यांपैकी जे भरेल त्याच्या मागे तो जातो. म्हणून यजमानाने त्या कडेला स्पर्श करून बसावं. जो हे जाणतो तो इथेच तराजूवर चढतो आणि तिथल्या तराजूतून सुटतो. एवढी स्पष्ट परलोकीची तुला आपल्याकडे असून ती पोथीवाचनात कधी येत नाही, याची मला खंत वाटते.

दुसरा तराजू जिवंत माणसांचा होता, कोर्टातला. याज्ञवल्क्यस्मृतीत साक्षी-पुरावा नसेल तेव्हा करायची दिव्यं सांगितली आहेत, त्यात तुलादिव्य येतं. ते बायका, मुलं, म्हातारे, आंधळे, लंगडे, आजारी अशांसाठी, म्हणजे ज्यांना तापलेलं लोखंड किंवा पाण्यात बुडी झेपणार नाही त्यांच्यासाठी. आरोपीला आधी दगड-मातीच्या बरोबरीने तोलून खूण करून ठेवत. तो उतरे, तराजूची प्रार्थना करी आणि पुन्हा चढे. प्रार्थनेचा अर्थ असा: हे तुळे, तू सत्याचं घर आहेस, देवांनी तुला पूर्वी घडवलं. खरं काय ते बोल आणि मला संशयातून सोडव. आई, मी पापी असेन तर मला खाली ने, शुद्ध असेन तर वर ने.

इथे दिशा ठरलेली आहे. हलका झाला तर निर्दोष, जड झाला तर दोषी. पाप म्हणजे ओझं. एकच माणूस दोनदा चढतो, त्यामुळे त्याचं मूळ वजन किती हा प्रश्नच राहत नाही. दोन तोलांमधला फरक तेवढा बघायचा. पद्धत म्हणून हे हुशारीचं आहे. पण दांडीच्या दोन्ही बाजू सारख्या नसल्या, दोरी ओढली गेली, वारा लागला, तर निकाल फिरणार. म्हणूनच तुळेची पारख जाणकार सोनार-कासार यांच्याकडून करून घ्यावी अशी काळजी या शास्त्रात दिसते. काट्यात पासंग असेल तर देवाचं नाव घेऊनही अन्यायच होतो, हे त्यांना कळत होतं.

इस्लाममध्ये कसं आहे? आमच्या गावातल्या तडवी आणि पिंजारी घरांत ‘मीझान’ म्हणतात.

मीझान म्हणजे कयामतच्या दिवशीचा तराजू. इथे दिशा तुलादिव्याच्या बरोबर उलटी आहे. कुराणात वारंवार येतं की ज्याची पारडी जड भरली तो तरला, आणि ज्याची हलकी पडली तो बुडाला. कारण पारड्यात चांगली कर्मं आहेत. पुण्यालाच वजन आहे, पाप पोकळ आहे. एकविसाव्या सूरेत म्हटलं आहे की कर्म मोहरीच्या दाण्याएवढं असलं तरी ते पुढे आणलं जाईल, कुणावर काडीचा अन्याय होणार नाही.

एक हदीस तिरमिझींच्या संग्रहात आहे. एका माणसापुढे पापांच्या ९९ वह्या उलगडल्या जातात, एकेक वही नजर पोहोचेल तिथवर लांब. तो काही नाकारत नाही. मग त्याला सांगतात, तुझं एक पुण्य आमच्याकडे आहे, आणि एक लहानशी चिठ्ठी काढतात. तिच्यावर कलमा लिहिलेला असतो. एवढ्या वह्यांपुढे ही चिठ्ठी काय करणार, असं तोच विचारतो. दुसऱ्या पारड्यात चिठ्ठी ठेवतात आणि वह्यांचं पारडं वर जातं. इजिप्तमध्ये हृदयाने सत्याएवढं भरायचं असतं. इथे एका खऱ्या शब्दाचं वजन आयुष्यभराच्या कागदांना उचलतं. तराजू तोच, पण वजन कशाला असतं याचा विचार पूर्ण वेगळा.

चर्चमधल्या चित्रांत पंखवाला देवदूत तराजू धरून असतो, तो कोण?

तो मीखाएल, मुख्य देवदूतांपैकी एक. बायबलच्या दानीएलच्या ग्रंथात बाबेलच्या राजाला भिंतीवरच्या अक्षरांतून सांगितलं जातं की तुला तोललं आणि तू उणा भरलास. तिथे उणं भरणं वाईट. पण अंतिम न्यायाच्या वेळी मीखाएल तराजू धरतो, हे चित्र मुख्यतः मध्ययुगातल्या कारागिरांनी आणि चित्रकारांनी रुजवलं. कित्येक ठिकाणी सैतानाची पोरं पारड्याला आकडा लावून खाली ओढताना कोरलेली आहेत. बाजारातली चोरी जशीच्या तशी देवाच्या दारात.

दिशेबद्दल चित्रकारांचंच एकमत नव्हतं. फ्रान्समधल्या बोन गावच्या जुन्या रुग्णालयात रोगियर व्हान डर वायडेन यांचं पंधराव्या शतकाच्या मध्यातलं चित्र आहे, त्यात पापाचं पारडं जड होऊन खाली गेलं आहे. त्यानंतर दोन-तीन दशकांच्या आत हान्स मेमलिंग यांनी काढलेलं, आज पोलंडच्या ग्दान्स्कमध्ये असलेलं चित्र बघा. तिथे तरलेला माणूस जड पारड्यात आहे आणि बुडालेला हलक्यात. एकाच धर्माची, एकाच प्रदेशातल्या कलेची दोन चित्रं. म्हणून ‘ख्रिस्ती लोकांत असं असतं’ असं एका वाक्यात सांगणाऱ्यावर विसंबू नका. चित्र कुठलं, ते आधी विचारा.

चीन-जपानकडे?

चिनी बौद्धांच्या दहा राजांच्या सूत्रात मृत एकेका राजासमोर उभा राहतो: दर सातव्या दिवशी एक, असे ४९ दिवसांत सात, मग शंभराव्या दिवशी, वर्षाने आणि तिसऱ्या वर्षी. चौथ्या राजाकडे कर्माचा तराजू आहे. पाचवा राजा म्हणजे आपलाच यम, त्याच्याकडे आरसा, ज्यात केलेलं कर्म दिसतं. तिबेटच्या परंपरेत पांढरे आणि काळे खडे मोजतात. आपल्या दहाव्या, तेराव्या आणि वर्षश्राद्धासारखं तिथेही घरच्यांचं वेळापत्रक तिथल्या न्यायालयाच्या तारखांना बांधलेलं आहे.

आत्म्याचं वजन २१ ग्रॅम असल्याचं विज्ञानाने सिद्ध केलंय, हे खरं का?

नाही. डंकन मॅकडुगल या अमेरिकन डॉक्टरांनी मरणाऱ्या सहा रुग्णांना खाटेसह काट्यावर ठेवलं आणि १९०७ मध्ये निष्कर्ष छापले. २१ ग्रॅमचा आकडा त्यातल्या एकाच रुग्णाचा. दोन रुग्णांच्या नोंदी त्यांना स्वतःलाच सोडून द्याव्या लागल्या, उरलेल्यांचे आकडे जुळत नाहीत. त्यावर काही उभं राहत नाही. आणि या पानावरचा कुठलाही तराजू ग्रॅममध्ये मोजत नाही.

आखाजीला आम्ही पितरांची घागर भरतो, आगारी टाकतो. ती त्यांच्या पारड्यात पडते का?

हा प्रश्न बहुतेक बाया विचारतात, आणि तो सगळ्यात जड आहे. आखाजीला खानदेशात नवी घागर पाण्याने भरतात, वर डांगर-आंबे ठेवतात, पुरणपोळी आणि आमरसाचा घास अग्नीवर देतात. उन्हाची काहिली असते त्या दिवसांत गेलेल्या माणसाला गार पाणी मिळावं, ही त्यामागची माया.

पोथीच्या हिशेबाने उत्तर दोन भागांत आहे. वाटेवरच्या जीवाला घरच्यांचं दान पोहोचतं: पिंडाने शरीर, मासिक पिंडाने अन्न, गोदानाने वैतरणीचा उतारा. प्रकाशा गावी तापीकाठी अस्थी सोडताना, दशक्रिया करताना हाच विश्वास असतो. पण चित्रगुप्ताच्या वहीतली ओळ मागे राहिलेल्यांनी खोडायची, असं पोथी सरसकट सांगत नाही. वाटखर्च आपण देऊ शकतो, जाब ज्याचा त्यालाच द्यायचा. दहा राजांच्या सूत्रात मात्र घरच्यांनी केलेल्या पूजेने राजे प्रसन्न होतात, शिक्षा हलकी होते. इजिप्तमध्ये मागे राहिलेल्यांनी थडग्यावर अन्न-पाणी ठेवायचं, पण तराजूजवळ आनीचं हृदय एकटंच असतं.

घागर भरणाऱ्या मावशीला मी हे असंच सांगतो: पाणी पोहोचतं, असं पोथी म्हणते. पारड्याबद्दल ती काही कबूल करत नाही.

आणि दांडी बरोबर मधेच राहिली तर?

माझ्या मते या सगळ्या विषयाची खरी पारख इथे होते.

इजिप्तमध्ये दांडी मधे राहणं हाच विजय. पुढे दरवाजा उघडतो.

इराणच्या झरतुष्ट्री परंपरेत, म्हणजे आपल्या पारशी लोकांच्या धर्मात, चौथ्या पहाटे जीव चिन्वत पुलापाशी येतो. रश्नू देव सोन्याचा तराजू धरतो, जोडीला मिथ्र आणि स्रओष. पहलवी ग्रंथ सांगतो की हा तराजू केसाच्या रुंदीइतकाही झुकत नाही, ना पुण्यवानाकडे ना पाप्याकडे, ना राजाकडे ना गरिबाकडे. पुण्य जास्त तर पूल रुंद होतो आणि त्या माणसाचं स्वतःचं आचरण सुंदर मुलीच्या रूपात सामोरं येतं. पाप जास्त तर पूल वस्तऱ्याच्या धारेसारखा होतो. आणि दोन्ही सारखी भरली तर जीव हमिस्तगान नावाच्या मधल्या जागी थांबतो. तिथे ना स्वर्गाचं सुख, ना नरकाच्या यातना. हवा फिरेल तशी थंडी किंवा उष्मा, तेवढंच सोसायचं.

कुराणाच्या सातव्या सूरेत स्वर्ग आणि नरक यांच्या मधल्या उंचवट्यावर थांबलेली माणसं येतात. पुष्कळ भाष्यकारांच्या मते पाप-पुण्य समसमान भरलेले ते हेच. ते स्वर्गाकडे बघतात, आत जायची आस धरतात आणि नरकाकडे नजर गेली की आपल्याला तिकडे घालू नकोस म्हणून देवाला विनवतात.

तुलादिव्यात स्मृतिकार नारद सगळ्यात कडक आहेत. दांडी सरळ राहिली किंवा माणूस खाली गेला तर तो शुद्ध नाही, असं ते सांगतात. म्हणजे आनी ज्या स्थितीत तरला, त्याच स्थितीत नारदांच्या कोर्टात तो दोषी ठरला असता. दुसरे स्मृतिकार बृहस्पती यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते दांडी सरळ राहिली तर त्या माणसाला खाली उतरवून पुन्हा तोलायचं.